पहिले कौतुक: ओळख नवी असताना दाद कशी द्यावी

डेटिंग अ‍ॅपवर दोघांनी एकमेकांना पसंती दर्शवलेली असते, किंवा मित्रांच्या घोळक्यात भेटलेल्या एखाद्या व्यक्तीचा नंबर मिळालेला असतो, आणि आता पहिला संदेश लिहायचा असतो. समोरची व्यक्ती आवडली आहे हे कळवायचे असते. पण नेमके काय आवडले याचा शोध घ्यायला गेले तर हाताशी फक्त चेहरा असतो. मग बोटे आपसूक ‘खूप सुंदर दिसतेस’ किंवा ‘स्माइल भारी आहे’ असे काहीतरी लिहून मोकळी होतात. त्या वाक्याच्या जागी काय लिहावे, हे या लेखात टप्प्याटप्प्याने सांगितले आहे. लेखाची मर्यादा पहिल्या संदेशापासून पहिल्या भेटीपर्यंतची आहे. मुरलेल्या नात्यात ‘छान दिसतेस’ एवढे दोन शब्दही पुरतात, कारण त्यांच्यामागे दीर्घ परिचय उभा असतो. नव्या ओळखीत तो नसतो, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

मराठीत स्तुती आणि दाद असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि त्यांच्यातला फरक इथे फार उपयोगी पडतो. स्तुती कुणाचीही, कधीही, काहीही न ऐकता करता येते. दाद मात्र जागेवरच द्यावी लागते: गाणाऱ्याने एखादी अवघड जागा घेतली आणि त्याच क्षणी ऐकणाऱ्याच्या तोंडून ‘वा’ निघाले, तर ती दाद. गाणे सुरू होण्याआधीच माना डोलावणाऱ्या श्रोत्याकडे गायक जरा संशयानेच पाहतो. नव्या ओळखीत आपल्याला स्तुती टाळायची आहे आणि दाद द्यायची आहे.

ठरावीक वाक्य का खटकते

‘सुंदर दिसतेस’ या वाक्यात वाईट काहीच नाही, तरीही ते वाचून अनेक जण फोन पालथा ठेवतात. याचे पहिले कारण विश्वासाचे आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड जोन्स यांनी १९६४ मध्ये खुशामतीच्या मानसशास्त्रावर सविस्तर मांडणी केली. तिच्यातला मुख्य पेच असा की, ज्याला समोरच्याकडून काही हवे आहे त्यालाच गोड बोलण्याची गरज सर्वांत जास्त असते, आणि नेमका त्याच वेळी समोरचा सर्वांत सावध असतो. ओळखीच्या सुरुवातीला तुम्हाला काय हवे आहे हे उघड असते, म्हणून तुमचे प्रत्येक गोड वाक्य ‘हे हरभऱ्याच्या झाडावर चढवणे तर नाही ना’ या शंकेतून गाळूनच आत जाते.

त्यात ती वाक्ये एकसारखी असतात. जोन मेनेस आणि नेसा वुल्फसन या भाषाअभ्यासकांनी अमेरिकी इंग्रजीतली रोजच्या बोलण्यातली सुमारे सातशे कौतुकवाक्ये गोळा केली आणि १९८१ मध्ये त्यांचे विश्लेषण मांडले. त्यांतली सुमारे ८५ टक्के वाक्ये अवघ्या तीन साच्यांत बसत होती, आणि जिथे विशेषण वापरलेले होते तिथे जवळपास दोन तृतीयांश वेळा तीच ती पाच विशेषणे होती. मराठीत अशी मोजदाद करायला बसलो तर ‘छान’, ‘मस्त’, ‘भारी’, ‘सुंदर’ आणि ‘गोड’ यांच्या पलीकडे फार जावे लागणार नाही, असे मला वाटते. ओळखीच्या माणसांत हा साचा सोयीचा असतो, कारण तो नमस्कारासारखे काम करतो. अनोळखी माणसाकडून आलेला साचा मात्र हे वाक्य आज आणखी कितीजणींना गेले असेल, एवढेच सुचवतो.

दुसरे कारण उत्तराचे आहे, आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. संभाषणाच्या अभ्यासक अनिता पोमरँट्झ यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले की कौतुक ऐकणारा माणूस कात्रीत सापडतो. कौतुक मान्य करावे तर स्वतःची फुशारकी मारल्यासारखे होते, आणि नाकारावे तर बोलणाऱ्याला खोटे पाडल्यासारखे होते. म्हणून लोक ते हलके करतात, श्रेय दुसऱ्याला देतात किंवा तेच कौतुक परत करतात. ‘तुझे डोळे सुंदर आहेत’ या वाक्याला यांपैकी कोणती वाट आहे? डोळ्यांचे श्रेय दुसऱ्याला देता येत नाही, त्यांची गोष्ट सांगता येत नाही, आणि कौतुक परत करावे तर नको तेवढी जवळीक मान्य केल्यासारखे होते. उरते ते ‘थँक्यू’, आणि त्यानंतरची शांतता.

शरीराविषयीच्या वाक्यात आणखीही एक ओझे असते. ‘मी तुला न्याहाळत होतो’ ही बातमी त्यातून पोहोचते. परिचित माणसाकडून ती सुखद वाटू शकते. पण ज्याच्या स्वभावाचा अजून अंदाज नाही त्याच्याकडून ती आली, की ही नजर पुढे कुठे जाईल याचा हिशेब ऐकणाऱ्याच्या मनात सुरू होतो. पुरुषांच्या बाबतीतही हे खरे आहे. उंचीवर किंवा खांद्यांवर आलेले पहिलेच वाक्य वाचून अनेक पुरुष अवघडतात, फक्त ते बोलून दाखवत नाहीत.

तेव्हा पहिल्या कौतुकाला दोन गोष्टी हव्यात: आपण खरेच पाहिले आहे याचा पुरावा, आणि ऐकणाऱ्याला पुढे बोलण्यासाठी वाट. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोहोंसाठीच आहेत.

पहिली पायरी: आधी टिपा, मग खोडा

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. एका तरुणाला अ‍ॅपवर एका तरुणीची प्रोफाइल दिसली आहे आणि पसंती दोन्ही बाजूंनी जुळली आहे. प्रोफाइलमध्ये पाच फोटो आहेत. पहिल्यात तिचा हसरा चेहरा आहे, दुसऱ्यात ती डोळ्याला भिंग लावून एका उघडलेल्या घड्याळावर वाकलेली आहे, तिसरा समुद्रकिनाऱ्यावरचा, चौथा कुठल्याशा समारंभातला, नटून काढलेला, आणि पाचव्यात सुट्या भागांच्या खोक्यात एक मांजर ऐसपैस बसले आहे. खाली तीन वाक्ये आहेत: ‘रविवारी बंद पडलेली घड्याळं उघडते. निम्मी पुन्हा चालू होतात. सकाळी लवकर फोन करू नये.’

त्याने काय करावे? पाच मिनिटे काढून जे जे आवडले ते एका कागदावर लिहावे. मनात ठेवले तर मन पहिल्या फोटोपाशीच घुटमळते. त्याची यादी अशी झाली: हसू, डोळे, समारंभातला पोशाख, समुद्रकिनारा, मांजर, घड्याळे दुरुस्त करणे, आणि ‘निम्मी पुन्हा चालू होतात’ हे वाक्य.

आता खोडायला बसावे. हसू आणि डोळे जातात, कारण वर सांगितल्याप्रमाणे त्यांना उत्तराची वाट नाही. पोशाख ही तिची निवड आहे हे खरे; पण पोशाखाचे कौतुक अंगाला फार लगटून असते, म्हणून ते पहिल्या संदेशातून वगळलेले बरे. समुद्रकिनाऱ्यावरचा फोटो असंख्य लोकांचा असतो. मांजराविषयी बोलायला हरकत नाही, पण ते कौतुक मांजराच्या खात्यावर जमा होते. घड्याळे? इथे बहुतेकांना वाटते की उत्तर सापडले. पण तिला आलेल्या संदेशांपैकी ज्यांनी थोडे तरी वाचले आहे असा प्रत्येक जण ‘वा, घड्याळं दुरुस्त करतेस, इंटरेस्टिंग!’ असेच लिहिणार आहे. छंदाचे नाव परत ऐकवणे म्हणजे फक्त वाचल्याची पोच देणे.

उरते ते ‘निम्मी’. आपल्या छंदाविषयी लिहिताना लोक सहसा यशच सांगतात. हिने अपयशाचा आकडाही त्याच दमात सांगितला आहे, आणि तोही रडगाणे न गाता. ही खरी जागा आहे. दाद इथे द्यायची.

या पायरीची कसोटी सोपी आहे. लिहिलेले वाक्य मी दुसऱ्या कुणाला, एकही शब्द न बदलता, पाठवू शकलो असतो का? उत्तर ‘हो’ असेल तर पुन्हा यादीकडे जावे. आणि यादीत काहीच उरले नाही, तर? तर कौतुक करू नये. साधा प्रश्न विचारून सुरुवात करावी आणि दाद देण्याजोगे काही घडण्याची वाट पाहावी. पहिल्या संदेशात कौतुक असलेच पाहिजे असा काही नियम नाही.

इथे एक मर्यादा पाळावी. यादीत फक्त तेच असावे, जे त्या व्यक्तीने याच ठिकाणी तुमच्यासमोर ठेवले आहे. तिचे नाव शोधून दुसऱ्या सोशल मीडियावरचा तीन वर्षांपूर्वीचा फोटो गाठणे आणि त्यातल्या एखाद्या गोष्टीचे कौतुक करणे, यात पुरावा भरपूर असतो, पण तो पाळत ठेवल्याचा पुरावा असतो. कौतुक कितीही नेमके असले तरी ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न ‘हे याला कुठून कळलं?’ हाच येतो.

दुसरी पायरी: मिळालेले आणि निवडलेले

माणसाला काही गोष्टी जन्मतः मिळतात आणि काही तो निवडतो. चेहरा, रंग, उंची आणि आवाज मिळतात. वाक्यातले शब्द, कामाची पद्धत, एखाद्या प्रसंगी घेतलेला निर्णय, घरात लावलेले चित्र या गोष्टी निवडलेल्या असतात. निवडीला दाद दिली की ऐकणाऱ्याला त्या निवडीची हकिकत सांगता येते, आणि मिळालेल्या गोष्टीबद्दल त्याच्याकडे हकिकत नसतेच.

सीमेवरच्या गोष्टींत फसगत होते. माझ्याच हातून असे एकदा झाले आहे. पहिल्याच भेटीत, अगदी सद्भावाने, ‘तुमचं हसणं किती मोकळं आहे’ असे मी म्हणालो. त्यानंतर तासभर त्या बाई हसू आले की तोंडावर हात धरत होत्या. हसणे ही नकळत होणारी गोष्ट आहे. तिच्यावर बोट ठेवले की ती नकळत राहत नाही. चालणे, बोलताना होणारे हातवारे, लाजणे, ठरावीक शब्द पुन्हा पुन्हा येणे, या सर्वांना हेच लागू आहे. त्यांचे कौतुक करण्यासाठी ओळख जुनी व्हावी लागते.

दुसरी फसगत स्वभावाच्या शिक्क्यांची आहे. ‘तू खूप हुशार आहेस’, ‘तू फार समजूतदार आहेस’ ही वाक्ये दिसण्यावर नाहीत, म्हणून ती सुरक्षित वाटतात. पण दोन दिवसांच्या ओळखीत ती वापरली की बोलणारा परीक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसतो, आणि ऐकणाऱ्याला तो शिक्का यापुढे सांभाळावा लागतो. शिक्क्याऐवजी कृती सांगावी. ‘हुशार आहेस’ म्हणण्यापेक्षा ‘काल तू त्या गोंधळाचं जे कारण सांगितलंस, ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं’ हे वाक्य लहान आहे, खरे आहे, आणि त्यात परीक्षा नाही.

काही शब्द मात्र दिसताक्षणी खोडावेत: ‘असून’, ‘चक्क’, ‘तरीही’ आणि ‘इतरांसारखी नाहीस’. ‘मुलगी असून यंत्रांची आवड’, ‘चक्क स्वतः दुरुस्त करतेस’, ‘इतकी शिकलेली, तरीही साधी’. या प्रत्येक वाक्यात एका व्यक्तीचे कौतुक करण्यासाठी एका अख्ख्या समूहाला खाली ढकललेले आहे, आणि ऐकणारी व्यक्ती बहुधा त्याच समूहातली असते. तिच्या मैत्रिणी, तिची बहीण, तिची आई, सगळ्या त्या ‘इतरां’मध्येच मोडतात.

तिसरी पायरी: वाक्य घडवणे

तरुणाने पहिला मसुदा असा लिहिला: ‘हाय! घड्याळं दुरुस्त करणारी मुलगी पहिल्यांदाच पाहिली, खूपच युनिक आहेस तू!’ यात कौतुक छंदाचे वाटते, पण आश्चर्य ‘मुलगी’ या शब्दाचे आहे, आणि ‘युनिक’ हा शिक्का आहे. मसुदा रद्द झाला.

दुसरा मसुदा: ‘तुझी प्रोफाइल वाचून अक्षरशः थक्क झालो. इतक्या प्रामाणिकपणे स्वतःबद्दल लिहिणारं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. तुझ्याशी बोलायला मिळालं तर माझं भाग्यच.’ जागा बरोबर ओळखली, पण माप चुकले. एका लहानशा वाक्याला एवढी मोठी दाद दिली की ती पुन्हा खुशामतच होते. शिवाय ‘भाग्य’ आले की उत्तर देण्याची जबाबदारी तिच्यावर येऊन पडते. कौतुकाचा आकार त्याच्या कारणाएवढाच असावा. ‘अक्षरशः’, ‘आजवर’, ‘कधीच’, ‘सर्वांत’ हे शब्द आले की समजावे, कारण संपले आहे आणि फुगवणे सुरू झाले आहे.

तिसऱ्या मसुद्यात त्याने विशेषणे काढून टाकली आणि फक्त दोन गोष्टी ठेवल्या: आपण काय पाहिले, आणि त्याने आपल्याला काय झाले. ‘“निम्मी पुन्हा चालू होतात” हे वाचून हसू आलं. उरलेल्या निम्म्यांचा हिशेब लोक सहसा देत नाहीत.’ पहिल्या वाक्यात तिचेच शब्द जसेच्या तसे आहेत, हा पुरावा झाला. ‘हसू आलं’ हा त्याच्यावर झालेला परिणाम आहे, आणि तो कुणाला खोडता येत नाही. ‘तू विनोदी आहेस’ असे म्हटले असते तर तिला ‘छे, कुठे!’ म्हणावे लागले असते. ‘मला हसू आलं’ याला ‘छे’ म्हणताच येत नाही. म्हणजे पोमरँट्झ यांनी दाखवलेली कात्रीच इथे निघून जाते. ‘तू अशी आहेस’ या वाक्याऐवजी ‘मला असं झालं’ हे वाक्य वापरण्यामागचे कारण एवढेच आहे.

मराठीत एक जादा काळजी घ्यावी लागते, ती ‘तू’ आणि ‘तुम्ही’ची. संभाषण ‘तुम्ही’वर चालू असेल तर कौतुकाच्या वाक्यात अचानक ‘तू’वर उतरू नये. एका वेळी दोन पावले पुढे टाकल्यासारखे होते, आणि ऐकणाऱ्याला नेमके कशामुळे अवघडल्यासारखे झाले हे सांगताही येत नाही. ‘तू’ म्हणायचे असेल तर आधी, साध्या वाक्यात, विचारून घ्यावे. अ‍ॅपवर समवयस्कांत बहुधा सुरुवातीपासूनच ‘तू’ चालते, आणि आपल्या तरुणानेही तेच ठेवले. ‘डिअर’, ‘ब्युटिफुल’, ‘मॅडम’ अशी संबोधने मात्र कोणत्याही सर्वनामासोबत नकोत.

चौथी पायरी: वाट मोकळी ठेवणे

वाक्य झाले, पण ते तिथेच थांबले तर तिला अजूनही फक्त ‘थँक्स’ म्हणता येते. म्हणून कौतुकाच्या शेपटीला एक प्रश्न जोडावा, आणि तो त्याच जागेतून निघालेला असावा. कॅरन हुआंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की जे लोक जास्त प्रश्न विचारतात, विशेषतः समोरच्याने सांगितलेल्या गोष्टीवरूनच पुढचा प्रश्न विचारतात, ते अधिक आवडतात. त्यांनी स्पीड डेटिंगमधली संभाषणे तपासली तेव्हाही असे पुढचे प्रश्न विचारणाऱ्यांना दुसऱ्या भेटीसाठी अधिक होकार मिळालेले दिसले.

तरुणाचा अंतिम संदेश असा झाला: ‘“निम्मी पुन्हा चालू होतात” हे वाचून हसू आलं. उरलेल्या निम्म्यांचा हिशेब लोक सहसा देत नाहीत. जी चालू होत नाहीत, त्यांचं पुढे काय करतेस?’

तीन लहान वाक्ये. प्रश्न तिच्या विषयातला आहे, एका ओळीत उत्तर देता येईल असा आहे आणि तिला नकोसे काही उघड करायला लावणारा नाही. ‘तू इतकी प्रामाणिक कशी?’ असा प्रश्न जोडला असता तर वाट दिसली असती, पण ती पुन्हा स्वतःच्या स्तुतीकडेच गेली असती. प्रश्न नेहमी वस्तूकडे, कामाकडे किंवा घटनेकडे वळवावा.

पाचवी पायरी: उत्तर वाचणे आणि हात आखडता घेणे

तिचे उत्तर आले: ‘एका खोक्यात जातात. त्यांचे भाग बाकीच्यांना लागतात, म्हणजे तशी तीही चालूच असतात म्हणा. खोक्यावर सध्या मांजराचा ताबा आहे.’ हे उत्तर लांब आहे, त्यात नवी माहिती आहे, आणि तिने स्वतःहून दुसरा विषय पुढे केला आहे. दाद पोहोचली याची ही खूण.

इथेच बहुतेक लोक घसरतात. पहिला बाण लागला म्हणून ते लगेच दुसरा सोडतात: ‘किती सुंदर विचार!’ तरुणाने तसे केले नाही. त्याने मांजराविषयी विचारले. पहिल्या दोनतीन दिवसांच्या गप्पांत एक कौतुक पुरेसे आहे, फार तर दोन. हा माझा अनुभवाचा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. ठरवायचे कसे, तर प्रत्येक कौतुकामागे नवी जागा असली पाहिजे. जुन्याच जागेवर दुसऱ्यांदा ‘वा’ म्हणणारा श्रोता गाणे ऐकत नसतो, आपली हजेरी लावत असतो.

उत्तर उलटेही येऊ शकते. फक्त ‘थँक्स’, किंवा एक हसरी इमोजी, किंवा कौतुकाला पूर्ण वळसा घालून भलताच विषय. एकदा असे झाले तर त्याचा अर्थ लावत बसू नये. माणूस कामात असू शकतो. कौतुकाचा विषय सोडून साधे बोलणे पुढे न्यावे. साध्या बोलण्याला उत्तरे नीट येत असतील आणि कौतुकालाच तेवढी आखूड येत असतील, तर निदान स्पष्ट आहे: या व्यक्तीला इतक्या लवकर कौतुक नको आहे. सगळीच उत्तरे आखूड असतील, तर अडचण कौतुकाची नाही. रस नाही, आणि ते मान्य करावे.

वेळेचाही विचार करावा. दुपारी साधे वाटणारे वाक्य मध्यरात्री पोहोचले की त्याला वेगळाच रंग चढतो, मग ते घड्याळांविषयी का असेना.

आणि चूक झालीच तर? समजा, ओघात दिसण्यावरचे एखादे वाक्य गेले आणि पलीकडून ‘हम्म’ आले. अशा वेळी ‘अगं, कौतुकच तर केलं होतं’ हे वाक्य मूळ चुकीपेक्षा महाग पडते, कारण त्यात समोरच्याचे अवघडणेच चुकीचे ठरवले जाते. दोन वाक्यांत आटपावे: ‘ते जरा आगाऊ झालं, सॉरी. घड्याळाचं काय झालं पुढे?’ लांबलचक माफी मागितली की आता तिला तुमची समजूत घालावी लागते.

पहिली भेट

संदेशात खोडायला वेळ मिळतो, समोरासमोर मिळत नाही. म्हणून भेटीसाठी एक गोष्ट आधीच ठरवून जावी. दिसण्याविषयी काही बोलावेसे वाटले तर एकच वाक्य, तेही निवडलेल्या वस्तूवर: हातातले घड्याळ, शर्टावरची नक्षी, कानातले. ते बोलून लगेच पुढच्या विषयाकडे जावे आणि नजर चेहऱ्यावर ठेवावी. वस्तूही अंगापासून जितकी दूर तितकी सोयीची. झोळी किंवा छत्री यांचे कौतुक कुणालाही अवघडवत नाही. ‘फोटोपेक्षा छान दिसतेस’ हे वाक्य मात्र दोन्ही बाजूंनी कापते: फोटो वाईट होते असाही त्याचा अर्थ होतो, आणि मी ताडून पाहत होतो असाही.

खरी दाद भेटीच्या शेवटी किंवा भेटीनंतर द्यावी, कारण तोवर पुरावा जमलेला असतो. आपल्या उदाहरणातली तरुणी भेटीत एक लांबलचक किस्सा सांगत होती: जुन्या वस्तूंच्या दुकानात तिने एका घड्याळाची किंमत कशी पाडली. ऐन रंगात आल्यावर ती थांबली आणि म्हणाली, ‘नाही, इथे मी जरा वाढवून सांगतेय. तो दुकानदार तसाही दुकान बंद करायच्या घाईत होता.’ तरुणाने त्या क्षणी काहीच म्हटले नाही. तो हसला आणि किस्सा पूर्ण होऊ दिला. मध्येच कौतुक केले असते तर किस्सा बाजूला राहून बोलणे तिच्याच गुणांवर गेले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने लिहिले: ‘काल किस्सा ऐन रंगात असताना “इथे मी वाढवून सांगतेय” म्हणून थांबलीस, ते फार आवडलं. घरी जाताना पुन्हा आठवून हसलो. ते घड्याळ चालू झालं का शेवटी?’

उत्तर संध्याकाळी आले. त्यात कौतुकाचा उल्लेखही नव्हता. फक्त एक फोटो होता, काटे काढून ठेवलेल्या एका घड्याळाचा, आणि खाली लिहिले होते, ‘अजून खोक्यातच. पुढचा रविवार याच्यावर.’ आपण काय लिहिले होते याची त्याने आठवण करून दिली नाही. काटे आधी का काढावे लागतात, एवढे विचारले.